अपूर्णांकांच्या बेरजेची उत्तरसूची : माझा अनुभव

भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेची कार्यपत्रिका मी पाचवीच्या वर्गासाठी विकतच्या एका संचातून घेतली होती. मागच्या पानावर उत्तरसूची होती, प्रत्येक गणितापुढे एकच उत्तर. मुलाचं उत्तर जुळलं तर बरोबर, नाही तर चूक. १/६ + ३/१० ही बेरीज नीट करून १४/३० वर थांबलेली मुलगी आणि वर-वर, खाली-खाली मिळवून ४/१६ लिहिणारा मुलगा, दोघांनाही सारखीच फुली. ते पाहून वैतागले आणि स्वतःच उत्तरसूची करायला बसले.

सुरुवात अवघड नव्हती. तेच १/६ + ३/१० घ्या. ६ आणि १० चा लसावि ३०, म्हणून ५/३० + ९/३० = १४/३०, अतिसंक्षिप्त रूप ७/१५. लसावि न काढता छेदांचा गुणाकार करणारी मुलं १०/६० + १८/६० = २८/६० लिहितात, तेही शेवटी ७/१५ च. मी सूचीत १४/३० आणि २८/६० दोन्ही लिहिली आणि पुढे शेरा टाकला : बेरीज बरोबर, संक्षेप बाकी. या मुलांना बेरीज पुन्हा शिकवायची नसते, त्यांना फक्त मसाविकडे न्यायचं असतं.

मग चुकीची उत्तरं. सगळ्यात जास्त दिसते ती वर-वर, खाली-खाली बेरीज : ४/१६, आणि मूल संक्षेप करणारं असेल तर १/४. म्हणून चुकीचं उत्तरही दोन्ही रूपांत लिहावं लागतं, नाहीतर तपासणाऱ्याला १/४ कुठून आलं ते कळतच नाही. दुसरी चूक म्हणजे छेद ३० केला पण अंश जसेच्या तसे ठेवले : ४/३०, म्हणजे २/१५. तिसरी, एकच अंश बदलला : ५ + ३ म्हणजे ८/३०, किंवा १ + ९ म्हणजे १०/३०. चौथी, तिरकस गुणाकाराऐवजी अंशाला आपल्याच छेदाने गुणलं : १×६ + ३×१० = ३६, खाली ६०, म्हणजे ३/५. या गणितात प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळे उत्तर पाहिलं की मूल कुठे घसरलं ते कळतं.

मी खरी अडकले ती संचातल्या पहिल्या ओळीत. १/२ + १/३, १/४ + १/६, २/३ + २/५. सोपी म्हणून सुरुवातीला दिलेली गणितं. एका मुलाच्या वहीत ही तिन्ही बरोबर आणि पुढची बहुतेक चूक. पुढे दमला असेल किंवा घाई केली असेल, असं सहज वाटावं. पण त्याने कच्चं काम पुसलं नव्हतं. २/३ + २/५ खाली लिहिलं होतं : २×३ = ६, २×५ = १०, ६ + १० = १६, खाली १५. उत्तर १६/१५, अगदी बरोबर. पद्धत मात्र पूर्ण चूक. पहिल्या २ ला ५ ने गुणायला हवं होतं, त्याने ३ ने गुणलं, आणि दुसऱ्या २ ला ३ ऐवजी ५ ने.

कागदावर मांडून पाहिलं तेव्हा उलगडलं. दोन्ही अंश सारखे असले की १० + ६ काय आणि ६ + १० काय, बेरीज तीच. म्हणजे अंश सारखे असलेल्या कुठल्याही गणितात आपल्याच छेदाने गुणण्याची चूक दिसणारच नाही. लसावि घेऊन गुणक उलटे लावले तरी तेच : १/४ + १/६ मध्ये ३ + २ ऐवजी २ + ३, उत्तर ५/१२ च. पहिली सगळी ओळ या चुकीवर बरोबरची खूण मिळवून देत होती, आणि त्या मुलाला आपली रीत पक्की झाल्यासारखी वाटत होती. याचा मला फार राग आला. संच करणाऱ्याने चुकीची उत्तरं एकदा जरी काढून पाहिली असती तरी हे त्याच्या लक्षात आलं असतं.

गणित बदलायचं ठरवलं. २/३ + २/५ चं २/३ + १/५ केलं. बरोबर उत्तर १३/१५. आपल्याच छेदाने गुणलं तर ६ + ५ = ११, म्हणजे ११/१५. छान, वेगळं आलं. पण पहिलाच अंश बदलणाऱ्याचं उत्तर काढलं : २×५ = १०, त्यात १ तसाच, १०+१ = ११. पुन्हा ११/१५! दोन निराळ्या चुका आणि उत्तर एकच. मुलाने फक्त ११/१५ लिहून दिलं तर त्याला काय समजवायचं ते सूची सांगू शकत नाही. शिवाय अंश तसेच ठेवणाऱ्याचं ३/१५, म्हणजे १/५, हे तर दिलेल्या दोन अपूर्णांकांपैकीच एक.

शेवटी २/३ + ३/५ वर गाडी आली. बरोबर उत्तर १९/१५, म्हणजे १ पूर्णांक ४/१५. वर-वर, खाली-खाली केलं तर ५/८. अंश तसेच ठेवले तर ५/१५, म्हणजे १/३. एकच अंश बदलला तर १३/१५ किंवा ११/१५. आपल्याच छेदाने गुणलं तर २१/१५, म्हणजे ७/५. सगळी वेगळी, आणि एकही दुसऱ्या चुकीत मिसळत नाही. हे जुळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. १९/१५ आणि १ पूर्णांक ४/१५ दोन्ही ग्राह्य, असं सूचीत स्पष्ट लिहिलं.

एक छेद दुसऱ्याच्या पटीत असेल तर आणखी सावध राहावं लागतं. २/३ + १/६ मध्ये खरं तर पहिलाच अंश बदलायचा असतो, ४ + १ = ५, उत्तर ५/६. त्यामुळे ‘एकच अंश बदलला’ ही चूक इथे पकडता येत नाही. मी अशी गणितं ठेवली, पण त्यांच्यापुढे ‘या गणितावरून निदान करू नये’ असं लिहिलं.

हे आधी सांगायला हवं होतं : वर-वर, खाली-खाली केलेलं उत्तर नेहमी दिलेल्या दोन अपूर्णांकांच्या मध्येच पडतं. ५/८ हे २/३ पेक्षा लहान आहे. बेरीज मोठ्या अपूर्णांकापेक्षा लहान कशी असेल? तपासताना हा प्रश्न विचारला की ही चूक सूचीत न पाहताही ओळखता येते, आणि मुलांनाही तोच विचारावा.

संक्षेपाचा सराव हवा असेल तर छेद निवडतानाच विचार करा. दिलेले अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील आणि छेदांत १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, जसे ३ आणि ५, तर लसावि घेऊन केलेल्या बेरजेला संक्षेप कधीच द्यावा लागत नाही. ६ आणि १० मध्ये २ सामाईक आहे, म्हणून १४/३० मिळालं. सामाईक विभाजक असूनही संक्षेप निघेलच असं नाही, ५/१२ निघत नाही, म्हणून प्रत्येक गणित स्वतः सोडवून पाहावं लागतं.

आता माझ्या सूचीत प्रत्येक गणितापुढे ग्राह्य रूपं, चुकीची उत्तरं मूळ आणि संक्षिप्त रूपांत, आणि चुकीचं कारण दोन-तीन शब्दांत आहे. पहिल्या ओळीतल्या तीन गणितांचे अंश वेगवेगळे केले आहेत. त्या मुलाला २/३ + ३/५ दिलं तेव्हा त्याचं उत्तर २१/१५ आलं.