चार्ट वही, आठवडा ७ : लॉग लावला आणि ट्रेंडलाइनच फिरली

या रविवारी कॉलेज रोडवरून सेमी-लॉग ग्राफ पेपर आणला, तीन सायकलवाला, आणि एका फास्ट वाढलेल्या शेअरचा चार्ट हाताने काढला. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, स्प्लिट-बोनस अॅडजस्ट करूनच घेतलेत, नाहीतर स्प्लिटच्या दिवशी उगाच मोठी पडझड दिसते.

२०१० चा लो १००, २०१६ चा लो ४००. या दोन लोमधून लाइन मारली, बास. आता लिनियर स्केलवर, जिथे सारखं अंतर म्हणजे सारखे रुपये, ही लाइन म्हणजे दरवर्षी ५० रुपये, त्यामुळे २०१३ ला ती २५० वर येते आणि पुढे वाढवली की २०२२ ला ७०० वर. लॉग स्केलवर, जिथे सारखं अंतर म्हणजे सारखे टक्के, तीच लाइन म्हणजे दर तीन वर्षांनी डबल, वर्षाला साधारण २६ टक्के, म्हणून २०१३ ला २०० आणि २०२२ ला थेट १६००!

खरी गंमत मधल्या लोची आहे. २०१३ ला शेअर २१० पर्यंत आला होता. लिनियर बघणाऱ्याने म्हटलं असतं की लाइन तुटली, लॉगवाल्याला दिसलं असतं की लाइनच्या अगदी जवळ येऊन वर फिरला. म्हणजे लॉगवर तिसरा टच मिळाला, लिनियरवर ती लाइनच बाद. तिसरा टच ज्या स्केलवर बसतो ती लाइन मी जास्त मानतो.

आणि २०२२ ला भाव १२००. लिनियरवर लाइनच्या ५०० रुपये वर, एकदम मजबूत वाटतो, लॉगवर मात्र लाइनच्या २५ टक्के खाली. मी आधी घाबरलोच, ट्रेंड संपला म्हणून, मग मित्राने विचारलं, "अरे पण ४०० चे १२०० झाले ना, मग पडला कुठे?" बरोबर आहे त्याचं. सहा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला २० टक्के. २६ चा वेग २० वर आला, एवढंच लॉगची लाइन सांगत होती. कंपनी मोठी झाली की वेग कमी होणारच, म्हणून लॉगवरची तुटलेली लाइन दिसली की मी आता आधी नवा वेग मोजतो, शेअर खरंच मागच्या लोच्या खाली गेलाय का ते बघतो, मग विकायचं ठरवतो.

ट्रेडिंगव्ह्यूवर Alt + L दाबलं की स्केल बदलतं. लाइनची दोन टोकं जागेवरच राहतात पण मधले आणि पुढचे भाव बदलतात, म्हणून लाइनवर अलर्ट लावला असेल तर तो कुठल्या स्केलवर काढला होता ते लाइनशेजारीच लिहून ठेवा, मी 'लॉग, २०१०-१६' असं लिहितो.

वर्ष-दोन वर्षांच्या चार्टला, भाव ३००-३५० मध्ये फिरत असेल तर, दोन्हीत फारसा फरक पडत नाही, करून बघितलं. पुढच्या रविवारी याच पेपरवर २०१६ आणि २०२२ मधून नवी लाइन मारणार.