साठ किलोचं गणित

"सिस्टर, परीक्षेसाठी घोकलेली ती डोसची गणितं पुढे वॉर्डात खरंच कधी कामी येतात का हो?"

येतात. माझ्या बाबतीत तर एका गणिताचं नुसतं उत्तर कामी आलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रश्न आला होता: रुग्णाचं वजन ६० किलो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये २५० मिलिग्रॅम डोब्युटामिन भरलंय. दर किलोला दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचंय, तर पंप तासाला किती मिलीवर लावाल? उत्तर ३.६. आमच्या ट्यूटर मॅडम हे गणित इतक्या वेळा फळ्यावर घ्यायच्या की ३.६ हा आकडा डोक्यात पक्का बसला.

यवतमाळकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. पावसाळा तोंडावर आला होता. अशा दिवसांत चुलीसाठी पऱ्हाटीचे, तुराट्यांचे ढीग उपसले जातात आणि खाली बसलेला लाल विंचू डसतो. त्या संध्याकाळी असंच एक चार वर्षांचं पोरगं आलं होतं, वजन १५ किलो. घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, धाप. प्राझोसिन दिलेलं होतं. विंचवाच्या विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशात वापरून दाखवलं आणि त्यामुळे आपल्याकडची कितीतरी लेकरं वाचली. पण या पोराच्या फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं, हृदय थकलं होतं. म्हणून डॉक्टरांनी सिरिंज पंपावर डोब्युटामिन सुरू केलं आणि यवतमाळला पाठवायला १०८ बोलावली.

मी चार्ज घेतला तेव्हा पंप सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झाली होती. मॉनिटरवर नाडी १८० च्या आसपास. आजी पायाशी बसून तळवे चोळत होती. "बाई, पाय गारच हायेत याचे," म्हणाली. त्या नाडीवरून मला काहीच कळलं नसतं, हे मुद्दाम सांगते. विंचवाच्या विषानेही नाडी अशीच धावते आणि डोब्युटामिन जास्त झालं तरी अशीच धावते. आजार आणि चूक दोन्ही मॉनिटरवर सारखेच दिसत होते.

मला थांबवलं ते पंपाच्या पडद्याने. दर ९.० मिली, तासाला. शेजारी सिरिंजवरचं लेबल: डोब्युटामिन २५० मिलिग्रॅम, ५० मिलीत. म्हणजे सिरिंज अगदी परीक्षेतलीच होती, आणि डोसही ५ मायक्रोग्रॅमचाच लिहिलेला होता. साठ किलोच्या धडधाकट माणसाला या सिरिंजमधून ३.६ मिली जातं, मग पंधरा किलोच्या लेकराला ९ कसं जाईल? वजन चौथा हिस्सा, तर दरही चौथा हिस्सा हवा. ३.६ चा चौथा हिस्सा ०.९.

तरी कागदावर मांडलं, कारण अशा वेळी आठवणीवर विसंबू नये. ५ गुणिले १५, मिनिटाला ७५ मायक्रोग्रॅम. तासाला ४५००. सिरिंजमध्ये एका मिलीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. ४५०० भागिले ५०००, उत्तर ०.९. म्हणजे पोराला दहापट औषध जात होतं, किलोला मिनिटाला ५० मायक्रोग्रॅम. हे औषध एरवी २० च्या वर नेत नाहीत.

आणखी एक खूण समोरच होती. पंप आतापर्यंत किती गेलं तेही दाखवतो: ६ मिली. बरोबर दराने चाळीस मिनिटांत ०.६ मिली जायला हवं होतं, सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हललेला दिसला असता.

मी पंप थांबवला आणि डॉक्टरांना हाक मारली. सलाइनच्या नळीला मात्र हात लावला नाही. घाईत नळी काढून फ्लश करायचा मोह होतो, पण त्या नळीत तेच तीव्र औषध भरलेलं असतं. त्यातलं एक मिली जरी एकदम आत गेलं असतं, तरी तासाभराहून जास्तीचा डोस एका झटक्यात गेला असता. डोब्युटामिनची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: रक्तात ते दोनेक मिनिटांत निम्मं होतं. पण म्हणूनच ते बंदही ठेवता येत नाही, थकलेल्या हृदयाला तोच आधार होता.

सर लेबर रूममधून धावत आले. मी कागद पुढे केला. त्यांनी स्वतः एकदा गणित केलं, मग ऑर्डर शीट उघडली. तिथे ".९" लिहिलं होतं. शून्य नव्हतं, आणि टिंब नेमकं छापील रेघेवर पडलं होतं. संध्याकाळच्या गर्दीत वाचणाऱ्याला ९ च दिसणार. पंपालाही काही कळत नाही. आमच्या पंपाला फक्त तासाला किती मिली ढकलायचे तेवढं सांगायचं असतं. औषध कोणतं आणि पेशंट किती किलोचा, हे तो विचारत नाही. औषधांच्या मर्यादा आत भरलेले पंप असतात, ते इशारा देतात. आमचा तसा नव्हता.

सरांनी पंप ०.९ वर लावला आणि लगेच दुसरी सिरिंज भरायला सांगितली. इतक्या कमी दराला दट्ट्या फार हळू सरकतो, औषध एकसारखं जात नाही आणि टिंबाचा धोका राहतोच. लहान मुलांसाठी एक सोपी रीत आहे: वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम औषध ५० मिलीत भरायचं. १५ किलोला ४५ मिलिग्रॅम. मग तासाला १ मिली म्हणजे बरोबर किलोला मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. पाच हवे तर पंपावर ५. टिंबाचा प्रश्नच नाही. अडचण एवढीच की अशी सिरिंज त्या एकाच मुलाची असते, शेजारच्या खाटेवर ती चालत नाही. शिवाय सिरिंज बदलली की दर त्याच क्षणी बदलावा लागतो. जुन्याच ०.९ वर नवी सिरिंज चालली असती तर पोराला पाचव्या हिश्श्याहूनही कमी औषध गेलं असतं. म्हणून मी औषध आणि दर मोठ्याने वाचले, दुसऱ्या सिस्टरने पडद्याशी ताडून पाहिले, आणि लेबलवर मुलाचं नाव, वजन, ४५ मिलिग्रॅम, ५० मिली, वेळ असं सगळं लिहिलं.

पंधरा-वीस मिनिटांत नाडी १५० च्या खाली आली. पाय मात्र लगेच गरम झाले नाहीत, ते विषाचं काम होतं आणि प्राझोसिनच्या पुढच्या डोसांनीच उतरणार होतं. आजीला मी सगळं सांगितलं, औषध जास्त गेलं होतं तेही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता बराबर जाऊन रायलं ना?" हो म्हणाले.

१०८ आली तेव्हा पंप चालूच ठेवून सोबत दिला. रेफर चिठ्ठीवर सरांनी चाळीस मिनिटं किती डोस गेला ते स्पष्ट लिहिलं, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना नाडीचा अर्थ लावता यावा. यवतमाळला डोब्युटामिन हळूहळू उतरवत दुसऱ्या दिवशी बंद केलं, आणि त्या आठवड्यातच पोरगं घरी गेलं.