चहातलं औषध

सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि खोटे संशय खरे वाटू लागणाऱ्या आजाराच्या, पहिल्या झटक्यानंतर पेशंट घरी गेला की घरच्यांना घेऊन आम्ही जी सेशन्स करतो, त्यांत बोलण्याचे चार सराव असतात. इयन फॅलून यांनी बांधलेल्या पद्धतीतले हे सराव: चांगलं वाटलं ते सांगणं, नीट ऐकणं, विनंती करणं आणि खटकलं ते सांगणं. खटकलेलं मुद्दाम शेवटी ठेवतात, कारण घरात आधीच त्याचा सुकाळ असतो. मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे. ज्या केसबद्दल लिहितेय, तिथे या शेवटच्या सरावाने सगळ्यांचा, माझाही, समज उलटापालटा केला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चोविशीचा, डिप्लोमा झालेला. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, आई घरी, धाकटी बहीण कॉलेजात. आम्ही 'एक्स्प्रेस्ड इमोशन' मोजतो, म्हणजे घरचा माणूस पेशंटबद्दल किती टीका करतो, किती तुच्छतेने बोलतो आणि त्याच्यात किती गुंतून पडतो. टीका मोजताना शब्दांइतकाच सूर धरतात. 'जेवलास का?' हेही टीका म्हणून मोजलं जाऊ शकतं, म्हणणारा कसं म्हणतो त्यावर. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी हे काम सुरू केलं. 1976 साली व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की अशा तापलेल्या घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांचा आजार जास्त वेळा उलटतो.

पहिल्या भेटीत वडिलांना एकट्याला बसवून म्हटलं, मुलाबद्दल पाच मिनिटं बोला, मी मधे बोलणार नाही. "एवढा घोडा झालाय, दहा-दहा वाजेपर्यंत लोळत पडतो. आंघोळीला चारदा सांगावं लागतं. आजार कसला, अंगात आळस भरलाय." पाच मिनिटं असंच. आई हळवी. मुलाच्या खोलीतच झोपायची, ताट हातात द्यायची, बाहेर गेला की दर अर्ध्या तासाने फोन. टीमच्या मीटिंगमध्ये वडील म्हणजे प्रॉब्लेम आणि आई म्हणजे आधार अशी वाटणी लगेच झाली. अशी वाटणी आमच्याकडे फार पटकन होते. ओरडणारा माणूस दिसतो आणि गुंतलेला माणूस प्रेमळ दिसतो.

आईच्या बाबतीत मीही सबुरीने घेत होते, आणि त्याला कारण आहे. चंदीगडला विग, लेफ आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात हेच मोजलं, तेव्हा तापलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली आणि आजार उलटण्याशी सर्वांत स्पष्ट संबंध दिसला तो तुच्छतेचा. चोवीस वर्षांच्या मुलाला आईने वाढून देणं आपल्याकडे कुणी आजारात धरणार नाही, धरूही नये. परदेशी पट्टी तशीच्या तशी लावली तर निम्म्या आया नापास होतील.

आधी वडिलांचंच काम घेतलं. पहिली दोन सेशन्स फक्त आजाराची माहिती. सकाळी उठता न येणं हे काही अंशी औषधाचं आणि काही अंशी आजाराचं लक्षण आहे, इच्छाच मंदावते, हे त्यांना कळायला वेळ लागला. मग पहिला सराव, चांगलं वाटलं ते सांगण्याचा. पायऱ्या तीन: समोरच्याकडे बघा, त्याने नेमकं काय केलं ते सांगा, तुम्हाला कसं वाटलं ते सांगा. इथे दोन गोष्टी बदलाव्या लागतात. ज्याला सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटत होतं, त्याच्या डोळ्यांत रोखून बघणं बरं नाही, म्हणून खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवते. आणि तोंडावर कौतुक करायची आपल्या घरांत सवय नसते, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून मोठं कौतुक मागत नाही, एक बारीक गोष्ट मागते.

वडिलांचा पहिला प्रयत्न असा होता: "आज लवकर उठलास, बरं वाटलं. रोज असाच उठलास तर काय बिघडेल?" पहिलं वाक्य सरावाचं, दुसऱ्याने ते पुसून टाकलं. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, कौतुकाला शेपूट लागतं. मी एकच नियम दिला: 'बरं वाटलं' म्हटलं की थांबायचं. मग वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोराला काम शिकवणाऱ्या माणसाच्या नेटाने त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं. शेवटी आलं ते हे: "तू काल पाण्याची मोटर बंद केलीस. मला जिना उतरावा लागला नाही. बरं वाटलं." आणि थांबले. मुलाने मान वर केली. गृहपाठाचा कागद फ्रीजवर लावायचा असतो: वार, कोणी काय केलं, काय म्हटलं. त्या घरात तो सर्वांत नियमित वडिलांनी भरला. त्यांना फक्त चिडके ठरवून मोकळं होणाऱ्यांनी तो कागद बघायला हवा होता.

मग तो दिवस. आमची खोली दोन विभागांची मिळून एक, दार लागत नाही, मधूनच कुणी फाईल शोधायला येतं. अशा खोलीत कुटुंबाने मन मोकळं करावं अशी अपेक्षा यंत्रणा कशी धरते, हे मला कधीच समजलं नाही. चौघं आले होते. चौथ्या सरावाचा साचा सांगितला: नेमकं काय घडलं, त्याने मला कसं वाटलं, पुढच्या वेळी काय केलं तर बरं. 'तू नेहमी', 'तू कधीच' हे शब्द बंद, आणि खोलीत बसलेल्या माणसाबद्दल 'तो' म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं. सुरुवात कोण करणार विचारलं. वडील सरसावून बसले होते, पण मुलगा म्हणाला, "मी करतो." सगळ्यांना वाटलं वडिलांना उद्देशून बोलेल.

तो आईकडे वळला. "आई, तू सकाळच्या चहात औषध घालतेस. साखरेच्या डब्यामागे बाटली आहे. मला भीती वाटते. पुढच्या वेळी माझ्या हातात दे."

साचा अचूक पाळला होता. आई म्हणाली, "अरे, पण तू घेतच नव्हतास!" मी तिला थांबवलं. अशा वेळी खुलासा, माफी, रडणं, काहीच आधी येऊ द्यायचं नसतं. आधी येतो नीट ऐकण्याचा सराव: समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणायचं आणि विचारायचं, बरोबर कळलं का. "काकू, तो काय म्हणाला तेवढंच सांगा." पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मी त्याच्या भल्यासाठी..." दुसऱ्यांदा, "त्याला राग आलाय." मुलाने दुरुस्त केलं, "राग नाही, भीती." तिसऱ्यांदा, मांडीवरची पिशवी घट्ट धरून: "मी न सांगता चहात औषध घालते, त्याची तुला भीती वाटते. हातात दिलं तर घेशील. बरोबर का?" तो म्हणाला, "हो." वडिलांना हे काहीच ठाऊक नव्हतं. ते बोलायला निघाले, तेव्हा बहिणीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग उलगडलं ते असं. घरी गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने गोळ्या नाकारल्या. गावातल्या एका डॉक्टरांनी तेच औषध, रिस्पेरिडोन, पातळ स्वरूपात लिहून दिलं, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, आणि कशातही मिसळून द्या म्हणाले. आई आमच्या चिठ्ठीवर जितके मिलिग्रॅम असतील तितके मिलिलिटर चहात घालू लागली. आता हे पातळ औषध पाण्यात, कॉफीत, संत्र्याच्या रसात चालतं. चहा आणि कोला यांच्यात मिसळू नये असं उत्पादकाच्या माहितीतच असतं. शिवाय तो अर्धा कप तसाच ठेवायचा. म्हणजे पोटात किती गेलं, कुणालाच माहीत नाही.

आणि आमच्या केसपेपरवर काय लिहिलेलं होतं? 'औषधं नियमित. खाण्यापिण्यात काहीतरी घालतात असा संशय कायम.' ती नोंद वाचूनच डोस चारवरून सहा मिलिग्रॅम केला होता. त्याच्या बोलण्यातला जो भाग खरा होता, तोच आम्ही आजाराचं उरलेलं लक्षण म्हणून मोजत होतो, आणि त्यावर जास्त औषध त्याच चहात जात होतं. सुरुवातीला शेजारी विष घालतात असं तो म्हणायचा, ते आजारातलं होतं. पण चहाबद्दलचं म्हणणं त्याने डोळ्यांनी बघितलेलं होतं. दोन्ही वाक्यं कागदावर सारखीच दिसतात. वेगळी करायची तर 'कधी, कुठे, कशात, तुला कसं कळलं' हे चार प्रश्न विचारावे लागतात. ओपीडीच्या गर्दीत ते कुणी विचारत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून घेतलं. डोस पुन्हा चार मिलिग्रॅम, गोळी, रात्री जेवणानंतर. पट्टी जेवणाच्या टेबलावर उघडी राहील, गोळी तो स्वतः काढेल. आई एकदाच म्हणेल, "गोळीची वेळ झाली," त्यापुढे काही नाही. वडील त्या वेळी टीव्ही बंद करतील आणि गोळीबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. त्याच्या सांगण्यावरून धोक्याच्या खुणा लिहिल्या: चार तासांपेक्षा कमी झोप, खिडक्या लावून घेणं, ताट बदलून मागणं. सलग दोन रात्री गोळी चुकली किंवा यातली खूण दिसली, तर फोन बहीण करेल, कारण तिने विचारलेलं त्याला टोचत नाही.

तेव्हापासून गोळी हातातून जातेय. आईच्या हातचा चहा मात्र तो अजून घेत नाही, स्वतः करून घेतो. याला संशय म्हणायचं की अनुभवातून आलेली सावधगिरी, यावर मीटिंगमध्ये वाद झाला. मी सावधगिरी लिहिलं.

मला अजून सुटलेलं नाही ते आईचं म्हणणं. सेशननंतर त्या व्हरांड्यात म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवसांत मी चहात घातलं नसतं तर हा परत तुमच्या वॉर्डात आला असता. मग तुम्ही काय केलं असतं?" त्यांचं चुकलं असं मला सरळ म्हणता येत नाही. अर्धवट का होईना, औषध गेलं म्हणूनच कदाचित तो त्या खुर्चीत बसून चार वाक्यं नीट बोलू शकला. आणि त्याच लपवालपवीने त्याच्या भीतीला रोज सकाळी पुरावा दिला. टीका थांबवायला आमच्याकडे सराव आहेत. जीव तोडून काळजी करणाऱ्या माणसाने काय करायचं, याला आमच्या कागदावर 'गुंतणं कमी करा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते अपुरं आहे.

त्या दिवशी ठरलेलं सगळं ज्यावर लिहिलं, त्या कराराच्या कागदावर शेवटची एक ओळ होती: गोळी पूर्ण बंद केली तरी घरातलं कुणी न सांगता औषध देणार नाही. मुलाने, वडिलांनी, बहिणीने सही केली. आईने केलेली नाही, आणि मी आग्रह धरलेला नाही. पुढच्या सेशनला डॉक्टर हजर राहतील. प्रश्न एकच, गोळी बंद झाली तर काय. सगळे उपाय आधी न तपासता लिहून काढायचे, मग प्रत्येकाचे फायदे-तोटे. महिन्याच्या इंजेक्शनचा पर्यायही त्या यादीत येईल, मुलगा तयार असेल तरच. आईच्या सहीचा विषय त्यानंतर.