सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरीही

वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये मी एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे बीज आणि शुक्राणूंपासून बनणारे गर्भ सांभाळणारी. त्या जोडप्याची फाईल आजही आठवते. तिचं वय ३२, लग्नाला चार वर्षं. पाळी नियमित, बीज वेळेवर फुटतंय, एक्स-रेत दोन्ही नळ्या उघड्या, नवऱ्याच्या वीर्यतपासणीत संख्या आणि हालचाल उत्तम. म्हणजे ‘अनएक्सप्लेन्ड’, कारण न सापडलेलं वंध्यत्व. वय कमी आणि प्रयत्न थोडेच दिवसांचे असते, तर डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं असतं. इथे बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन तीन वेळा आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, झालं होतं. दर वेळी यशाची शक्यता साधारण दहात एक, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. तिन्ही वेळा पाळी आली, म्हणून आता आयव्हीएफ, म्हणजे बीजं बाहेर काढून लॅबमध्ये फलन.

दहा बीजं मिळाली. वीर्य चांगलं असताना सगळ्याच बीजांना इक्सी, म्हणजे सुईने एकेक शुक्राणू आत सोडणं, याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही. पण कारणच माहीत नसताना सगळी बीजं एकाच पद्धतीवर सोडायला माझं मन धजेना. डॉक्टरांशी बोलून पाच बीजं शुक्राणूंसोबत डिशमध्ये ठेवली आणि पाचांना इक्सी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सतराव्या तासाला, डिश सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. फलन झालं असेल तर बीजाच्या मध्यभागी दोन गोल वर्तुळं शेजारीशेजारी दिसतात. एक आईकडचं, एक बापाकडचं. इक्सीच्या पाचपैकी चारांत ती दिसली. डिशमधल्या बीजांभोवतीच्या पेशी काढल्या, एकेक बीज फिरवून पाहिलं. पाचही पक्व होती, पण एकातही वर्तुळं नाहीत. कवचाबाहेर दोन-तीन शुक्राणू चिकटलेले, बाकी हजारो नुसते फिरत होते. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षं बहुधा हेच घडत असणार, आणि नेहमीची एकही तपासणी ते दाखवू शकत नाही. त्या तपासण्या बीज, नळी आणि शुक्राणू वेगवेगळे बघतात, त्यांची गाठ पडल्यावर काय होतं ते बघत नाहीत.

दुपारी दोघं आली. सोबत सासूबाई. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “मग दोष कुणात?”

“मावशी, बीजाचं कवच शुक्राणूला आत घेत नाही की शुक्राणूलाच ते भेदता येत नाही, हे यावरून कळत नाही. आणि पुढच्या वेळी अगदी असंच होईल असंही नाही.”

सून मान खाली घालून बसली होती. तिने विचारलं, “चार आहेत ना, मॅडम?”

“चार आहेत. पाचव्या दिवसापर्यंत किती टिकतात ते बघू.”

दोन गर्भ टिकले. एक गर्भाशयात सोडला, एक गोठवला. फाईलमधला ‘अनएक्सप्लेन्ड’ शब्द मी खोडला नाही, त्याखाली लिहिलं: पुढील वेळी सर्व बीजांना इक्सी.