मांजराचा जीव नेमका कशात?

"मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही, असं म्हणतात. तुम्ही गेलात-आलात याचं तुमच्या मांजरांना काही असतं का हो?"

असतं. फक्त ते आपण भलत्याच ठिकाणी शोधतो. कुत्र्याला लावायची फूटपट्टी मांजराला लावली की ते आपोआप आपमतलबी ठरतं.

आमच्या घरी दोघी आहेत. त्यातली ठमी अगदी पिल्लू असल्यापासून घरात वाढली. संध्याकाळी मी कुलूप काढलं की ती शेपूट काठीसारखी ताठ उभी करून येते, शेंड्याला किंचित बाक असतो. आधी गाल, मग बरगड्या, शेवटी शेपटीचं मूळ, असं माझ्या पोटरीला घासत एक फेरी मारते. मग दुसऱ्या पायाची पाळी. हे उरकलं की पुन्हा खिडकीत, कबुतरांवर नजर ठेवायला. पाहुणे म्हणतात, "झालं? एवढंच?"

शेपूट उभारून सामोरं जाणं ही मांजरांची आपसातली रीत आहे. पिल्लू आईकडे तसं जातं, आणि मोठी मांजरं ज्याच्याशी भांडायचं नाही त्याच्याकडे. गालांवर, हनुवटीवर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं अंग घासून वासाची देवाणघेवाण करतात. दिवसभर बाहेरचे वास लावून आलेल्या मला ठमी तसंच घासते.

पाहुण्यांना खटकतं ते तिचं लगेच निघून जाणं. मला ते सगळ्यात बोलकं वाटतं, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी खोलीत मांजर पाळणाऱ्यासोबत दोन मिनिटं, मग एकटं दोन मिनिटं, मग पाळणारा परत आल्यावर आणखी दोन मिनिटं. लहान मुलांचा आईशी असलेला बंध तपासायची जी जुनी पद्धत आहे, तिचंच हे छोटं रूप. पाळणारा गेल्यावर मांजर किती ओरडलं, यावर निकाल नव्हता. तो परतल्यावर काय केलं, ते पाहायचं होतं. काही मांजरं जवळ आली, भेटली, निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. हा सुरक्षित बंध. काही अंगाला चिकटून राहिली, सुटेचनात, तर काही तोंड फिरवून लांब बसली. हे दोन्ही असुरक्षिततेत मोडतं. ज्यांचं वर्गीकरण करता आलं त्या पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्के आणि मोठ्या मांजरांपैकी सुमारे ६६ टक्के सुरक्षित गटात निघाली. माणसांच्या मुलांतही प्रमाण जवळपास एवढंच सापडतं.

म्हणजे सतत मांडीला चिकटलेलं मांजर जास्त प्रेमळ आणि भेटून निघून जाणारं कोरडं, हा आपला हिशेब उलटाही असू शकतो.

पण यावर सगळ्यांचं एकमत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात २०१५ साली वीस मांजरांवर झालेल्या प्रयोगात खोलीत अनोळखी माणूसही होता. तिथे निष्कर्ष निघाला की मांजराला सुरक्षित वाटायला मालकाची तशी गरज दिसत नाही. ओरेगनच्या चाचणीत परका माणूस नव्हताच, त्यामुळे 'हेच माणूस हवं की कुणीही ओळखीचं चालेल' हा प्रश्न तिने सुटत नाही. माझा कौल तरीही ओरेगनकडे. मांजर एकटं शिकार करणारं जनावर आहे. मालकावाचून अडत नाही म्हणून मालक नकोसा, असं कसं म्हणायचं?

घराचं म्हणाल, तर तेही खोटं नाही. मांजर आपला परिसर वासाने ओळखतं, आणि घर बदललं की त्या सगळ्या खुणा एका दिवसात पुसल्या जातात. जुन्या घराकडे पळालेली मांजरं असतात ती याचमुळे. आम्ही घर बदललं तेव्हा दोघींना आधी एकाच खोलीत ठेवलं. सोबत त्यांची न धुतलेली चादर आणि जुनं मातीचं घमेलं. ठमीने पहिल्या रात्री काही खाल्लं नाही, पण मी जमिनीवर गादी टाकून झोपल्यावर पायाशी येऊन बसली.

दुसरी, चिमी, पार्किंगमधून आली तेव्हा चार महिन्यांची होती. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला तर पुढे ते सहज माणसाळतं. चिमीची ती वेळ गाड्यांखाली गेली. ती आजही मांडीवर येत नाही, उचललेलं तिला खपत नाही. पण मी ज्या खोलीत असेन तिथेच, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे पाठ करून झोपते. तिच्याकडे बघून मी सावकाश डोळे मिटले की बऱ्याचदा तीही मिटते. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासातही मांजरांनी हाच प्रतिसाद दिला होता, आणि तसे डोळे मिटणाऱ्या परक्या माणसाकडे ती जास्त सहज गेली होती. घरी आलेल्या लहान मुलांना मी आधी हेच शिकवते. चिमीला हात मात्र लावू देत नाही.