इरिससाठी सात ओळी

मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करते. बहुतेक काम यंत्रांच्या देखभाल पुस्तिकांचं असतं. नोव्हेंबर 2025 मधल्या त्या दुपारीही एका पंपाची पुस्तिका संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. इंजिनिअर आहे, दोन वर्षं फ्रान्समध्ये ग्रनोब्लला राहून आलेला. एरवी फोन केल्याशिवाय येत नाही.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत का? एक मेसेज तपासून द्या. आजच पाठवायचाय."

ग्रनोब्लला असताना ज्या सहकारी मैत्रिणीच्या घरी त्याचे बरेच रविवार जायचे, तिची कुत्री सकाळी गेली होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला शांत केलं. मैत्रिणीचा मेसेज एका ओळीचा होता : 'इरिस ए पार्ती स मातँ.' इरिस आज सकाळी गेली. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे दहा. घटना ताजी होती.

त्याने लिहिलेलं मी वाचलं. व्याकरण एकदोन जागा सोडल्या तर बरं होतं, पण पत्र फ्रेंच नव्हतं. त्याने मनात मराठी मजकूर रचला होता, आणि तोही आपल्या चौकातल्या फलकावरचा. भावपूर्ण श्रद्धांजली, कधीही न भरून येणारी पोकळी, मृतात्म्यास शांती लाभो. यातला प्रत्येक शब्द त्याने शब्दकोशातून इमानाने शोधून आणला होता.

सुरुवातच 'मे सँसेर कोंदोलेआँस', माझ्या मनःपूर्वक संवेदना, अशी होती. हे शब्द चुकीचे नाहीत. माणूस गेला की फ्रेंच लोक ते लिहितात, ऑफिसातून फुलं पाठवली तर त्याच्या कार्डावर हेच असतं. पण त्यात अंतर आहे. ज्याच्याशी आपलं 'तू'चं नातं आहे त्याला कुत्री गेल्यावर हे लिहिलं, तर सुट घालून त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. मित्राला लिहायचं ते 'ज स्वी व्हरेमाँ त्रिस्त पुर त्वा', मला तुझ्यासाठी खरंच वाईट वाटतंय. 'देझोले', वाईट वाटलं, एवढं म्हटलं तरी चालतं. त्याने तेही एका ठिकाणी लिहिलं होतं, पण कुठून तरी उतरवून घेतलेलं असावं, कारण शब्दाच्या शेवटी एक ज्यादा ई होती, म्हणजे लिहिणारी बाई झाली. उच्चारात फरक पडत नाही, म्हणून कानाला ही चूक कळत नाही. वाचणाऱ्याला मात्र लगेच कळतं की वाक्य उसनं आहे.

आत्म्याला शांती मागणारं वाक्य मी काढायला सांगितलं. "का, मॅडम? वाईट काय त्यात?" वाईट काहीच नाही. पण त्याची मैत्रीण चर्चमध्ये जाते का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि दोन वर्षांत देवाचा विषय त्यांच्यात कधी निघाला नव्हता. जे आजवर बोललो नाही ते नेमकं आज पहिल्यांदा बोलू नये, असं मला वाटतं.

पुढच्या ओळीत 'माझं हृदय विदीर्ण झालं आहे' होतं. इथे मी थांबले आणि त्याला विचारलं, किती वेळा भेटलास तू इरिसला? म्हणाला, वीस-पंचवीसदा. मग हृदय कोणाचं फुटलंय आज? तो गप्प बसला. दुःख आपलं थोडं आणि तिचं फार, हे पत्रातही तसंच दिसायला हवं. आपण तिच्याहून मोठ्याने रडलो, तर उत्तर लिहिताना तिलाच आपलं सांत्वन करावं लागतं. 'तुला काय वाटतंय ते मला माहीत आहे' हे वाक्यही त्याच कारणाने गेलं. त्याने कधी कुत्रं पाळलेलं नाही.

मग वयाची गोष्ट निघाली. त्याने लिहिलं होतं की पंधरा वर्षांच्या कुत्रीचं जाणं नैसर्गिकच. मी विचारलं, पंधरा कशावरून? अंदाजाने, म्हणाला, तोंडावरचे केस पांढरे झाले होते. इरिस ब्रिटनी स्पॅनियल जातीची होती, आणि मैत्रिणीने एकदा तिच्या वंशावळीचे कागद दाखवल्याचं त्याला आठवत होतं. फ्रान्समध्ये नोंदणीकृत वंशाच्या कुत्र्यांची नावं जन्मवर्षाच्या अक्षरावरून ठेवायची रीत आहे. दर वर्षाला एक अक्षर, के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही अवघड अक्षरं वगळून. 2013 चं अक्षर आय होतं. इरिस आयवरूनच. म्हणजे ती बाराची होती, पंधराची नाही, आणि हे तिच्या मालकिणीला झोपेतही ठाऊक असणार. चुकीचा आकडा तिच्या नजरेला पहिला टोचला असता. पण आकडा बरोबर असता तरी मी ते वाक्य राहू दिलं नसतं. 'या वयात व्हायचंच' हे दुरून बघणाऱ्याचं वाक्य आहे. जिने सकाळी रिकामी वाटी उचलून ठेवली, तिला त्याचा उपयोग नाही.

मजकुरातली सगळ्यात मोठी चूक एका साध्या क्रियापदात होती. त्याला म्हणायचं होतं, तुला तिची फार आठवण येईल. त्याने लिहिलं होतं 'तू व्हा बोकू ल्वी माँके'. याचा अर्थ होतो, तिला तुझी फार आठवण येईल. म्हणजे गेलेल्या कुत्रीला. सकाळी इंजेक्शन देताना जिने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं, तिच्या हाती हे वाक्य पडलं असतं. 'माँके' क्रियापदात जो नाही तो कर्ता असतो. इंग्रजीच्या सवयीने आठवण काढणारा कर्ता केला की अर्थ पुरता उलटतो. मी वर्गात हे इंग्रजीतून समजवतच नाही. मराठीत 'ती तुला उणी भासेल' असं म्हणून बघा, फ्रेंच वाक्य तसंच चालतं : 'एल व्हा बोकू त माँके'. त्याने ते दोनदा स्वतःशी म्हटलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

'ता शिएन', तुझी कुत्री, हेही मी बदललं. शब्द व्याकरणाने बरोबर आहे, डॉक्टर आणि कुत्री पाळणारे तो रोज वापरतात. पण मराठीतल्यासारखीच फ्रेंचमध्येही त्या शब्दाची शिवी होते, आणि नाव ठाऊक असताना जातीवाचक शब्द घ्यायचाच कशाला? सगळीकडे इरिस केलं.

एवढं काढल्यावर पानावर फारसं काही उरलं नाही. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, हे फारच थोडं दिसतंय."

मी म्हटलं, तिची एखादी गोष्ट सांग. मोठी नको, तू डोळ्यांनी पाहिलेली.

त्याने बराच वेळ विचार केला. मी तोवर चहा ठेवला. मग म्हणाला, एकदा रविवारी खूप बर्फ पडलं होतं, मी चालत गेलो होतो. बूट ओले झाले म्हणून दाराशीच काढून ठेवले. निघताना बघतो तर इरिस त्या बुटांवर झोपलेली. उठायलाच तयार नाही. शेवटी मी आणखी तासभर थांबलो.

तेच हवं होतं. हे वाक्य शब्दकोशात सापडत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या पत्रात येऊ शकत नाही.

शेवटचा वाद सहीवरून झाला. मी 'ज ताँब्रास' सुचवलं, तर तो लाजला. शब्दशः त्याचा अर्थ 'तुला कवेत घेतो, मुका देतो' असा होतो. पण तिकडे मित्रमैत्रिणी, बहीणभाऊ पत्राखाली सर्रास हे लिहितात, प्रेमपत्राचा त्यात काही भाग नसतो. मी विचारलं, भेटल्यावर गालाला गाल लावायचात ना? म्हणाला, हो, रोजच. मग हरकत नाही. तेवढी ओळख नसती तर 'ज पाँस आ त्वा', तुझी आठवण करतोय, यावरच थांबायला सांगितलं असतं. 'बीझ' मात्र नको म्हटलं, तो रोजच्या निरोपाचा हलका शब्द आहे.

एक वाक्य मी फार विचार करून बाहेर ठेवलं : 'तू योग्य तेच केलंस.' इंजेक्शनचा निर्णय तिचा होता. हे वाक्य धीर देतं, पण तिने विचारण्याआधी लिहिलं तर शंका नसलेल्या जागी शंका उभी करतं. तिने विचारलं तर फोनवर सांग, म्हटलं.

तासाभराने कागदावर हे उरलं :

'ज व्हिएँ द लीर तों मेसाज.
ज स्वी व्हरेमाँ त्रिस्त पुर त्वा.
ज रव्ह्वा इरिस कुशे स्युर मे शोस्युर मुइये, दाँ तोनाँत्रे, ल जूर द ला नेज.
एल व्हा बोकू त माँके.
न त साँ पा ओब्लिजे द रेपोंद्र.
ज तापेल दिमाँश, सी सा त व्हा.
ज ताँब्रास.'

तुझा मेसेज आत्ताच वाचला. मला तुझ्यासाठी खरंच वाईट वाटतंय. बर्फ पडलं त्या दिवशी तुझ्या दाराशी माझ्या ओल्या बुटांवर झोपलेली इरिस डोळ्यांपुढे येते. तुला तिची फार उणीव भासेल. उत्तर द्यायलाच हवं असं समजू नकोस. चालणार असेल तर रविवारी फोन करतो. आणि खाली तो निरोप.

उत्तराची सक्ती नाही, ही ओळ मी मुद्दाम घालायला लावली. तिला त्या दिवशी ऑफिसला जावं लागलं होतं. कुत्रं गेलं म्हणून फ्रान्समध्येही कायद्याने रजा मिळत नाही. दिवसभर मीटिंगमध्ये बसायचं आणि मध्ये मध्ये फोनवर आलेल्या प्रत्येकाचे आभार मानायचे, हे किती जड जातं ते मी माझ्या घरच्या एका प्रसंगात पाहिलं आहे.

त्याने माझ्यासमोरच मेसेज टाइप केला. प्रत्येक शब्दावरची आघातचिन्हं तपासली, रविवार शब्द परत वाचला आणि पाठवला. मग चहा न पिताच गेला. मी पंपाच्या पुस्तिकेकडे वळले, पण गळतीच्या झडपेवरचं एकच वाक्य मी तीनदा भाषांतरित केलं.

रात्री साडेनऊला त्याने तिचं उत्तर मला पुढे पाठवलं. एकच ओळ होती. बूट ओले नव्हते, असं तिने लिहिलं होतं, चिखलाने भरलेले होते, आणि इरिसचं पोट धुवायला मला पाऊण तास लागला होता.