एमसीए की नोकरी: माझं सगळं व्हॅलिडिटीवर अडलं होतं

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा निकाल लागला तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, महिना पंधरा हजार. दुसरीकडे एमसीएच्या सीईटीत बरे मार्क पडले होते. बाबा म्हणाले, "खोली-मेस जाऊन पाच हजार उरले तरी घरून पाठवावे लागत नाहीत." हिशोब खरा होता. पण त्याच कंपनीत लागलेल्या आमच्या कॉलेजच्या एका ताईला फोन केला, तर ती म्हणाली की दिवसभर ग्राहकांचे फोन घ्यायचे, तक्रार नोंदवायची आणि पुढच्या टीमकडे पाठवायची. कोड लिहायचा संबंधच नाही. दोन वर्षांनी डेव्हलपरच्या मुलाखतीला गेले तर दाखवणार काय?

मग राहिला पैशांचा प्रश्न. मी पाहिलेल्या खासगी कॉलेजांची एमसीएची फी वर्षाला लाखाच्या आसपास होती. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. हॉस्टेल-मेसचा खर्च आपला, आणि मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर सवलत नाही. म्हणजे माझ्यासाठी एमसीए एक तर दोन वर्षांच्या खाण्या-राहण्याच्या खर्चात होणार होतं, नाहीतर त्यावर आणखी दोन लाख लागणार होते. हे ठरणार होतं एका कागदावर: जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी.

बीएस्सीला हा कागद कुणी मागितला नव्हता. इंजिनिअरिंगला जाणारी पोरं बारावीतच तो काढतात, आम्हा बीएस्सी-बीकॉमवाल्यांना कॉलेजात कुणी सांगतही नाही. मला अजून राग याचाच येतो. कॅपच्या अर्जाला पडताळणीची पावती चालली, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत दिलं नाही तर अर्ज ओपनमध्ये जातो. मग ओबीसीची सीटही गेली आणि ओबीसी म्हणून मिळणारी माफीही.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांचे थोरले भाऊ निजामाच्या काळात गावच्या शाळेत दोन इयत्ता शिकले होते. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, तर नोंद उर्दूत. तिचा प्रवेश-निर्गम उतारा घेतला, भाषांतर करून घेतलं, वंशावळीचं शपथपत्र जोडलं आणि अर्ज दाखल केला.

नंतर नुसती वाट. समितीच्या खिडकीवर गेलं की "ऑनलाइन बघा", ऑनलाइन बघितलं की "प्रलंबित". शेवटी त्रुटी निघाली: रजिस्टरात थोरल्या आजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव आहे, आडनाव नाही, तर हे तुमच्याच घरातले कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण अर्ज तपासला त्याच दिवशी तो विचारता आला असता! तोवर कंपनीची रुजू व्हायची तारीख आठवड्यावर आली होती आणि एचआर मूळ मार्कशीट जमा करायला सांगत होते. ते मी दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका, कॅपच्या कागदपत्र तपासणीला आणि प्रवेशाला तेच मूळ कागद लागतात.

तोडगा निघाला तलाठ्याच्या दप्तरात. पणजोबा वारल्यावर जमीन दोन्ही भावांच्या नावे झाली, त्याचा वारस फेरफार होता. त्यात पणजोबांचं नाव आडनावासकट आणि खाली दोन्ही मुलांची नावं एकाच ओळीत! मी त्याची प्रमाणित नक्कल जोडली आणि त्रुटीचं उत्तर दिलं. कंपनीला त्याच संध्याकाळी नकार कळवला. पुढच्या वर्षी यायचं म्हटलं तर सीईटी पुन्हा द्यावी लागली असती, कारण तिचे मार्क त्या वर्षापुरतेच चालतात. तसली नोकरी मात्र दोन वर्षांनीही मिळेल असं ताईचंच मत होतं. प्रमाणपत्र मुदतीच्या आत आलं आणि मी छत्रपती संभाजीनगरला प्रवेश घेतला.

वडिलांकडच्या कुणाची, म्हणजे सख्ख्या चुलत्याची किंवा चुलत भावाची, व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती पहिल्यांदा जोडा, काम खूप हलकं होतं. तसं कुणी नसेल आणि पुरावा अपुरा वाटला तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं, ते शाळेत आणि गावात चौकशी करतात, त्यात वेळ जातो. म्हणून तिसऱ्या वर्षाला असतानाच, प्राचार्यांचं पत्र सहज मिळतं तेव्हा, अर्ज टाकून ठेवा, मग नोकरी करायची ठरली तरी चालेल. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते का तेही बघा. आणि फी माफीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, माझा दुसऱ्या वर्षाचा या आठवड्यात भरायचा आहे.